दगडी, ट्यूब आणि थांबवलेलं दूध : गोठ्यातल्या अँटिबायोटिकचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या सभेत मला अर्धा तास बोलायला दिला होता. फळ्यावर विषय लिहिला होता : 'जनावरांतील प्रतिजैविकांचा वापर'. मी माईक हातात घ्यायच्या आतच मागच्या रांगेतून एक काका उठले. "डाक्टर, ते भाषण हुईल नंतर. आमच्या गाईच्या दगडीला पयलं औषध आता लागू पडंना झालंय. नवीन काय आलंय का ते सांगा की."

त्यांना म्हटलं, नवीन काही आलेलं नाही आणि लवकर येईल असंही दिसत नाही. जुनं का लागू पडत नाही तेवढं मात्र तुमच्याच गाईवरून बघू. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. त्या दिवशी जे बोललो ते इथे नीट लिहून काढलं आहे. सगळ्या रोगांवर बोलत नाही, फक्त दगडीवर बोलतो. दगडी म्हणजे कासदाह. दुधाच्या गोठ्यात अँटिबायोटिक सर्वांत जास्त खर्ची पडतं ते याच रोगावर, आणि चुकाही याच रोगात सर्वांत जास्त होतात.

काकांची गाय

गाय एचएफ संकरित, तिसरं वेत, दोन वेळचं मिळून 14 लिटर दूध. चार महिन्यांत तिचा मागचा उजवा सड तीनदा धरला. पहिल्या वेळी गावात रेतनाचं काम करणाऱ्या एका पोरानं ऑक्सिटेट्रासायक्लिनचं 30 मिली इंजेक्शन टोचलं आणि सडात दोन ट्यूबा सोडल्या. दुधातल्या गाठी गेल्या, तिथंच उपचार थांबला. तीन आठवड्यांनी तोच सड पुन्हा धरला. या खेपेला काकांनी दुकानातून स्वतःच अमॉक्सिसिलिनच्या तीन ट्यूबा आणल्या. पुन्हा बरं, पुन्हा महिन्यानं तेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी 'भारी' म्हणून सेफ्ट्रियाक्झोन दोन दिवस दिलं. चौथ्यांदा काका माझ्यासमोर उभे होते.

आधी पहिल्या इंजेक्शनचा हिशेब करू. सभेतच टेप मागवला आणि गाईचं माप घेतलेल्या पोराला आकडे विचारले. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून 68 इंच, आणि खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 58 इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की अंदाजे किलो येतात. 68 गुणिले 68 म्हणजे 4624, त्याला 58 ने गुणून 660 ने भागलं की 406. म्हणजे गाय चारशे किलोची.

ऑक्सिटेट्रासायक्लिनचा रोजचा डोस किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम. चारशे किलोला 4000 मिलिग्रॅम झाले. बाजारातल्या साध्या बाटलीत एका मिलीत 50 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे लागणार होतं 80 मिली. दिलं 30 मिली, तेही एकदाच. (80 मिली एका जागी टोचायचं नसतं, ते कसं द्यायचं हे डॉक्टरचं काम. इथे मुद्दा फक्त मापाचा आहे.) गरजेच्या निम्मंसुद्धा औषध गाईच्या अंगात गेलं नव्हतं.

कमी औषध दिल्यानं नुसता गुण कमी येतो असं नाही. दुखऱ्या कासेत कोट्यवधी जंतू असतात आणि ते सगळे सारखे नसतात. बहुतेक नाजूक, थोडे चिवट. थोडं औषध नाजूक जंतूंना मारतं, दूध स्वच्छ दिसायला लागतं, आणि आपण थांबतो. मागे राहतात ते चिवट. आता त्यांना जागा मोकळी आणि खायला भरपूर. पुढच्या खेपेला त्या सडात जे वाढतात ते सगळे त्याच वाणाचे. आपणच निवड पद्धतीनं बियाणं तयार केल्यासारखं होतं, फक्त पीक नको त्याचं.

शिवाय टोचलेलं औषध कासेपुरतं राहत नाही. ते आतड्यातही पोहोचतं आणि तिथल्या जंतूंचीही अशीच निवड होते. जंतूंची एक खोड अशी की औषधाला दाद न देण्याचा गुण ते जनुकांच्या छोट्या वेटोळ्यावरून शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. मग ते शेणात येतात, शेणातून उकिरड्यात, आणि धार काढणाऱ्याच्या हातावर.

ट्यूब फोडायच्या आधी

आता पुढच्या वेळी काय करायचं ते क्रमानं सांगतो.

धार काढायला बसलात की प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या थाळीत किंवा वाटीवर ताणलेल्या काळ्या कापडावर घ्या. कण, पाणी, रक्त, पिवळेपणा तिथं लगेच दिसतो. खाली जमिनीवर सोडू नका. दिसतही नाही आणि जंतूही गोठ्यात पसरतात.

दूध डोळ्यांना बरं दिसतं पण शंका आहे, तर चार वाट्यांच्या पॅडलवर सीएमटी ही कासदाहाची चाचणी करा. प्रत्येक सडाचं दोन-तीन मिली दूध एकेका वाटीत, तेवढंच सीएमटीचं द्रावण, आणि दहा सेकंद गोल फिरवा. पातळच राहिलं तर कास ठीक. घट्ट, शेंबडासारखं झालं तर आत पांढऱ्या पेशी जमल्या आहेत. द्रावण नसेल तर अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवूनही काम भागतं. मात्र व्यायल्यावर पहिल्या आठवड्यात आणि आटवत आलेल्या गाईत ही चाचणी निरोगी कासेतही घट्ट येऊ शकते. आणि सीएमटी जंतू दाखवत नाही, फक्त कासेची सूज दाखवते. घट्ट आली म्हणून लगेच ट्यूब, हा अर्थ काढू नका.

यानंतर ठरवायचं की दूध बिघडलंय की गाय बिघडलीय. थर्मामीटर गुदद्वारात लावा. गाईचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 103 च्या वर गेलं की ताप. दुधात गाठी आहेत, पण गाय खाते, रवंथ करते, ताप नाही, तर हा सौम्य प्रकार. कास सुजून गरम झालीय पण गाय ठीक, तर मधला. ताप आहे, वैरण सोडलीय, कास दगडासारखी, दूध ताकाच्या निवळीसारखं, तर गंभीर. कान गार पडले, डोळे खोल गेले, उठेना, तर ताप नसला तरी गंभीरच. गंभीर असेल तिथं रिपोर्टची वाट बघायची नाही. ताबडतोब डॉक्टर बोलवा किंवा 1962 वर फोन करा. अशा गाईला सलाइन, सूज उतरवणारं औषध आणि शिरेतून अँटिबायोटिक सगळं तासाभरात लागतं, आणि ते द्यायला मी कधीच कचरत नाही. नेमक्या अशा वेळी औषध चालावं म्हणूनच बाकीच्या वेळी ते जपायचं.

सौम्य आणि मधल्या प्रकारात मात्र आपल्या हाती वेळ असतो, आणि लोक नेमका तोच घालवतात. गाठ दिसली की तासाच्या आत ट्यूब फुटलेली असते. पण दगडीचे जे नमुने प्रयोगशाळेत जातात त्यांतल्या साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यात काहीच उगवत नाही. गाईच्या शरीरानं जंतू आधीच मारलेले असतात, दिसतो तो मागे राहिलेला राडा. ई. कोलाय नावाच्या शेणातल्या जंतूचंही बऱ्याचदा असंच होतं. तो मरताना जे विष सोडतो त्यानं कास सुजते, पण गाठ दिसेपर्यंत जंतू जवळपास संपलेला असतो. अशा सडात ट्यूब सोडली की दोन दिवसांत बरं वाटतं आणि श्रेय ट्यूबला जातं. ती नसती सोडली तरी दोन दिवसांतच बरं वाटलं असतं.

सॅम्पल

म्हणून ट्यूबच्या आधी सॅम्पल. एकदा औषध आत गेलं की त्या नमुन्याला अर्थ उरत नाही.

हात साबणानं धुवा. सड कोरड्या कापडानं पुसा. स्पिरिटच्या बोळ्यानं सडाचं टोक घासा, बोळा पांढरा राहीपर्यंत. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर आधी आपल्यापासून लांबचे सड पुसा, मग जवळचे, आणि दूध घेताना उलट, आधी जवळच्यांचं. नाहीतर पुसलेल्या सडाला आपलाच हात लागतो. पहिल्या तीन-चार चिळकांड्या टाकून द्या. निर्जंतुक बाटली आडवी धरा, म्हणजे वरून केस-धूळ पडणार नाही, आणि पाच-दहा मिली दूध आत घ्या. झाकण लगेच. बाटलीवर गाईचा बिल्ला नंबर, कोणता सड, तारीख. मग बर्फावर ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. संस्थेच्या टेम्पोबरोबर शीतपेटी जाऊ शकते, हे त्याच सभेत ठरलं.

घोटाळा बहुधा बाटलीतच होतो. धुतलेल्या औषधाच्या बाटलीत किंवा पाण्याच्या बाटलीत आणलेल्या नमुन्यातून चार-पाच जातींचे जंतू उगवतात. असा रिपोर्ट आला तर तो कासेचा नव्हे, बाटलीचा समजायचा आणि पुन्हा सॅम्पल घ्यायचं.

जंतू उगवला की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं आणि कोणतं औषध चालेल हे तिसऱ्या. तोवर हात बांधून बसायचं नाही. दुखरा सड दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण पिळा. सूज आणि वेदना कमी करणारं औषध डॉक्टरकडून घ्या, पण त्यालाही दूध थांबवण्याचा काळ असतो, तो विचारा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो लेपही लावता येतो : कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम, एकत्र वाटून. त्यातला मूठभर पाण्यात पातळ करून पिळलेल्या, धुतलेल्या कासेला दिवसात आठ-दहा वेळा, पाच दिवस लावायचा, आणि सोबत तीन दिवस रोज दोन लिंबं खायला. माझ्या अनुभवात सौम्य सुजेला याचा उपयोग होतो, आणि दूध फेकावं लागत नाही हा मोठा फायदा. ताप आलेल्या गाईवर मात्र एवढ्यावर विसंबू नका. आणि लेप कासेच्या बाहेरून लावायचा, सडात काहीही घालायचं नाही. इंजेक्शनचं औषध सिरिंजनं सडात सोडणारे, चिकट दूध काढायला सडात नळी घालणारे मी पाहिलेत. अशी एक नळी चांगल्या सडालाही दगडी देऊन जाते.

रिपोर्ट कसा वाचायचा

पुढे काकांच्या गाईचा रिपोर्ट आला. जंतू : स्टॅफिलोकोकस ऑरियस. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे दाद देत नाही, आय म्हणजे मधलं. पेनिसिलिनला आर, अमॉक्सिसिलिनला आर, ऑक्सिटेट्रासायक्लिनला आय. क्लॉक्सासिलिनला एस, सेफ्ट्रियाक्झोनला एस.

काका म्हणाले, "मग ते सेफ्टऱ्याच द्या की. एस हाय न्हवं?"

इथं दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली ही की प्रयोगशाळेत एस म्हणजे कासेत बरं होईलच असं नाही. प्रयोगशाळेत जंतू सपाट थाळीवर उघडा पडलेला असतो आणि औषधाची चकती त्याच्या शेजारीच ठेवलेली असते. कासेत हा ऑरियस पेशींच्या आत शिरून बसतो, स्वतःभोवती चिकट थर करतो आणि बारीक गळवं करतो, ज्यांच्याभोवती जाड ऊती वाढते. तिथं रक्तच नीट पोहोचत नाही, तर औषध कुठून पोहोचणार? म्हणूनच सेफ्ट्रियाक्झोन एस असूनही दोन दिवसांनी बरी वाटलेली गाय महिन्यात पुन्हा धरली. आर असेल तर औषध नक्की हरणार. एस असेल तर जिंकण्याची संधी आहे, एवढंच. तीन वेतांची गाय, तोच सड चौथ्यांदा, हाताला आत गाठ लागते, अशा ठिकाणी ती संधी फार थोडी.

दुसरी गोष्ट सेफ्ट्रियाक्झोनबद्दल. हे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन. न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात जंतू पसरलेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात, त्यांतलं एक. जागतिक आरोग्य संघटनेनं हा गट आणि एन्रोफ्लॉक्सासिन ज्यात येतं तो क्विनोलोनचा गट, दोन्ही माणसांसाठी सर्वांत निकडीच्या औषधांत धरले आहेत. कोलिस्टिन तर सरकारनं जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी बंदच केलं. कबूल करतो, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही दगडी दिसली की सेफ्ट्रियाक्झोन लिहीत होतो. फोन कमी यायचे. त्याचं कारण ते 'भारी' होतं असं नाही, तर ते अजून वापरून बोथट झालेलं नव्हतं.

म्हणून रिपोर्टवर चार औषधांना एस असेल तर त्यातलं सर्वांत जुनं, सर्वांत अरुंद मारा करणारं निवडायचं. दगडीचा दुसरा एक जंतू, स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए, अजूनही साध्या पेनिसिलिनच्या ट्यूबला छान दाद देतो. तो निघाला तर महाग काही शोधायचंच नाही.

ट्यूब सोडायची ठरली तर सड पूर्ण पिळून रिकामा करायचा, टोक स्पिरिटनं पुसायचं, आणि नळीचं टोक जेमतेम तीन-चार मिलिमीटरच आत घालायचं. पूर्ण आत खुपसलं की सडाच्या तोंडातला जंतूंना अडवणारा थर खरवडला जातो. एका सडाला एक ट्यूब, उरलेली दुसऱ्या सडाला नाही. डॉक्टरनं जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा सोडायची, दुसऱ्या दिवशी दूध पांढरं दिसलं तरी.

थांबवलेलं दूध

आता अवघड भाग. सभेत इथं खुर्च्या वाजायला लागल्या.

अमॉक्सिसिलिनच्या एका ट्यूबमध्ये 200 मिलिग्रॅम औषध असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात दुधातल्या अमॉक्सिसिलिनची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. तेव्हा 200 मिलिग्रॅम मर्यादेत आणायला 50,000 लिटर दूध लागेल. अर्थात सगळं औषध दुधात येत नाही आणि प्रत्येक धारेला ते कमी होत जातं. धरून चाला की एखाद्या धारेला त्याचा शंभरावा भाग, 2 मिलिग्रॅम, उरला. तुमच्या संस्थेत सकाळी 400 लिटर दूध येतं. 2000 भागिले 400, लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम. मर्यादा 4. एका गाईनं, एका सडानं, पूर्ण कूलर मर्यादेबाहेर गेला.

उकळून ही औषधं म्हणावी तशी जात नाहीत. घरात याचा पुरावा दिसतो. ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध विरजलं तर दही लागत नाही, दुसऱ्या दिवशीही पातळच राहतं, कारण विरजणातले जंतूही औषधानं मरतात. कितीतरी बायकांनी सभेत मान हलवली. त्यांना वाटत होतं विरजण बिघडलं. पण उलटा निष्कर्ष काढू नका. दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ असं नाही, मर्यादेच्या वर औषध असूनही दही लागू शकतं. संस्थेनं काही मिनिटांत रंग दाखवणाऱ्या पट्ट्या ठेवाव्यात, पण पट्टी ज्या गटाची असेल तेच औषध दाखवते. पेनिसिलिन गटाची पट्टी एन्रोफ्लॉक्सासिनला आंधळी असते.

किती दिवस थांबायचं हे खोक्यावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर औषध नियमांत 2012 पासून तरतूद आहे : दुधासाठी किमान सात दिवस. दिवस मोजायचे ते शेवटच्या डोसपासून, पहिल्यापासून नव्हे. डोस वाढवला, किंवा ट्यूब आणि इंजेक्शन दोन्ही दिलं, तर खोक्यावरचा आकडा लागू राहत नाही, तेव्हा डॉक्टरला विचारायचं. आणि चारही सडांचं दूध थांबवायचं. "दुखऱ्या सडाचं टाकतो, बाकी तीन घालतो" हे जवळजवळ प्रत्येक गोठ्यात ऐकतो. औषध त्या सडातून रक्तात जातं आणि रक्तातून बाकी तिन्हींत उतरतं.

धार काढणारा दर वेळी तोच माणूस नसतो, म्हणून औषध दिल्या क्षणी गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा : गाय, औषध, शेवटचा डोस कधी, दूध कोणत्या धारेपासून चालू. पट्टी त्या धारेआधी सोडायची नाही. अशा गाईची धार सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात.

ते दूध वासराला पाजू नका. फुकट जाण्यापेक्षा बरं, असं वाटतं खरं. पण वासराच्या आतड्यात तेच कमी डोसचं औषध रोज जातं आणि चिवट जंतूंची निवड तिथं पुन्हा सुरू होते. पुढे हगवण लागली की त्या वासराला औषध लागू पडत नाही. ते दूध विहिरीपासून, गटारापासून लांब उकिरड्यात शेणात कालवून खड्ड्यात मुरवा.

काकांनी तोंडी हिशेब केला. तीन दिवस औषध आणि चार दिवस थांबणं, सात दिवस गुणिले 14 लिटर, 98 लिटर. 35 रुपयांनी 3430 रुपये. "तुम्ही देणार का डाक्टर?" लोक हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. पट्टी बांधणाऱ्याचं नुकसान आणि गुपचूप घालणाऱ्याचा फायदा, असं असेल तर लोक गुपचूप घालणारच. संस्थेनं नियम करावा असं मी सुचवलं : ज्यानं आधी कळवून दूध थांबवलं त्याला त्या आठवड्याच्या दुधाचा काही हिस्सा संस्थेनं द्यावा, आणि ज्याच्या कॅनमध्ये न कळवता औषध सापडलं त्यानं पूर्ण कूलरची भरपाई द्यावी. अध्यक्षांनी 'बघू' म्हटलं.

मग त्या गाईचं काय केलं

काहीच टोचलं नाही. दूध चालू असताना हा जंतू त्या सडातून निघणार नाही, हे सरळ सांगितलं. तिची धार सर्वांत शेवटी, आणि आधी पहिलारू, मग निरोगी, मग ती, असा क्रम लावला, कारण ऑरियस पसरतो तो धार काढणाऱ्या हातांनी आणि सड पुसायच्या एकाच फडक्यानं. प्रत्येक गाईला वेगळं फडकं. धार झाली की पोव्हिडोन आयोडीनच्या 5 टक्के द्रावणात थोडं ग्लिसरीन घालून सड बुडवायचे, आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि सडाचं उघडं तोंड मिटायला वेळ मिळतो.

गाय गाभण होतीच. व्यायला दोन महिने उरले तेव्हा तिला एकदम आटवलं आणि शेवटच्या धारेनंतर चारही सडांत आटवण्याच्या काळासाठीची क्लॉक्सासिलिनची ट्यूब सोडली. ही ट्यूब वेगळी असते, औषध आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटतं आणि दुधाच्या धारेनं वाहूनही जात नाही, म्हणून ऑरियसला गाठायची सर्वांत चांगली वेळ हीच. पण दूध चालू असलेल्या गाईत चुकूनसुद्धा सोडायची नाही. आणि गोठ्यातल्या प्रत्येक गाईला आटवताना सरसकट सोडायची हेही मला पटत नाही. सीएमटी चारही सडांत पातळ असेल तर ती तशीच आटवायची.

व्यायल्यावर चीक संपला, पंधराव्या दिवशी काकांनी स्वतः पॅडल फिरवलं. तीन वाट्या पाण्यासारख्या. मागच्या उजव्या सडाची वाटी थोडी घट्ट, पूर्वीइतकी नाही, पण स्वच्छही नाही. काकांनी गाय विकायचा विषय काढला. म्हटलं, ही गाय घेणाऱ्याच्या गोठ्यात तोच जंतू जाईल, तेव्हा विकायचीच तर सांगून विका. त्यांनी विकली नाही. तो एक सड आटवून टाकला आणि आता ती तीन सडांवर 11 लिटर देते.